पाठीवरचे आणि छातीवरचे मुरूम: खेळणाऱ्या मुलांसाठी पायरीपायरीने

चेहऱ्यावरचा मुरूम आरशात दिसतो, म्हणून त्याच्यावर लगेच काहीतरी लावलं जातं. पाठीवरचा दिसत नाही. तो कळतो तो बनियनला लागलेल्या रक्ताच्या ठिपक्यामुळे, किंवा सॅकचा पट्टा खांद्याला टोचायला लागला की. तोवर बऱ्याचदा काही महिने गेलेले असतात. पाठीची आणि छातीची कातडी जखम भरून काढताना वण जास्त सोडते, म्हणून हा उशीर महागात पडतो.

हा लेख १३ ते १९ वर्षांच्या, रोज खेळणाऱ्या किंवा जिमला जाणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल, सायकलिंग, खेळ कुठलाही असो, घाम आणि घासणं सगळ्यांत सारखंच.

आधी कारण समजून घ्या

वयात येताना मुलांच्या शरीरात पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि कातडीतल्या तेलग्रंथी मोठ्या होतात. या ग्रंथी चेहऱ्यावर, छातीच्या मधोमध आणि पाठीच्या वरच्या अर्ध्या भागात दाट असतात. म्हणून मुरूम पोटावर किंवा पायांवर न येता इथेच येतात. केसाच्या मुळाशी तेल आणि मेलेल्या कातडीचे कण साचतात, तोंड बंद होतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते.

घाम स्वतः मुरूम करत नाही. ओली कातडी बराच वेळ झाकून राहिली की छिद्राच्या तोंडाची कातडी फुगते आणि ते अरुंद होतं. त्यावर घट्ट कापड किंवा पट्टा सारखा घासत राहिला की आत अडकलेला डोळ्याला न दिसणारा गोळा फुटतो आणि लाल गाठ होते. दाब, घर्षण आणि कोंडलेली उष्णता यांनी वाढणाऱ्या या मुरमांचं सविस्तर वर्णन मिल्स आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ साली केलं. वैद्यकीय भाषेत त्यांना 'अ‍ॅक्ने मेकॅनिका' म्हणतात.

एक गोष्ट इथेच पक्की करा: याचा मळाशी संबंध नाही. म्हणून घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीने, दगडाने किंवा खरखरीत उटण्याने पाठ घासणं हा उपाय नाही. तेही घर्षणच आहे. पट्ट्याने जे केलं तेच तुम्ही हाताने पुन्हा करता.

पहिली पायरी: हे मुरूमच आहेत का, ते पाहा

ही पायरी गाळली तर पुढचे तीन महिने फुकट जातात. घरातल्या कुणाला तरी दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ पाठीचा फोटो काढायला सांगा आणि तो मोठा करून पाहा.

मुरूम असतील तर सगळं एकाच मापाचं नसतं. काही काळी टोकं, काही पांढरी, काही लाल पुळ्या, एखादी खोल दुखरी गाठ, असं मिश्रण दिसतं. हात लावला तर दुखतं, पण खाज फारशी नसते.

सगळ्या पुळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, एकसारख्या, आणि घाम आला की जास्त खाजणाऱ्या असतील, काळी टोकं एकही दिसत नसतील, तर ती बुरशीची बाधा असू शकते. कातडीवर नेहमीच राहणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी केसाच्या मुळात वाढते. छाती, पाठीचा वरचा भाग आणि दंडाची बाहेरची बाजू या तिच्या जागा. पावसाळ्याच्या तोंडाशी, किंवा मुरमांसाठी अँटिबायोटिक गोळ्या सुरू केल्यावर पुळ्या कमी होण्याऐवजी वाढल्या, तर हिचा संशय घ्या. हिला मुरमांचं औषध फारसं लागू पडत नाही. डॉक्टर सहसा २ टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू ओल्या अंगाला पाच मिनिटं लावून धुवायला सांगतात, किंवा बुरशीच्या गोळ्या देतात. मुरूम आणि ही बुरशी एकाच पाठीवर एकत्रही असू शकतात.

घामोळं वेगळं. ते काही तासांत उठतं, चुणचुणतं, आणि थंडाव्यात दोन-चार दिवसांत जातं. नायटा गोल चकंदळासारखा, कडेला उठलेला आणि मधे साफ होत जाणारा असतो.

अजून एक प्रकार जिममध्ये दिसतो. दोन-तीन आठवड्यांत अचानक छाती आणि खांद्यांवर एकसारख्या लाल पुळ्यांचा लोट येतो. मुलगा कुठली इंजेक्शनं, 'मास गेनर' किंवा नाव नसलेल्या गोळ्या घेतोय का, हे अशा वेळी न रागावता विचारा. त्यात स्टेरॉइड असेल तर ते बंद केल्याशिवाय बाहेरून लावलेलं कुठलंच औषध पुरं पडणार नाही. साध्या व्हे प्रोटीनने प्रत्येकाला त्रास होतो असं नाही, पण काही मुलांत मुरूम वाढलेले दिसतात. शंका असेल तर आठ आठवडे बंद ठेवून फरक पडतो का ते बघा.

आणि मेडिकलमधून 'खाज, बुरशी, पुळ्या, सगळ्यावर चालतं' म्हणून मिळणारी तीन-तीन औषधं एकत्र केलेली ट्यूब पाठीला लावू नका. अशा बऱ्याच मलमांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं जोरदार स्टेरॉइड असतं. चार दिवस लाली उतरते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. पुढे बुरशी पसरते, नवीन मुरूम उठतात, आणि काखेजवळ कातडीवर कायमच्या रेघा पडतात.

दुसरी पायरी: घासणाऱ्या जागा शोधा

फोटोवर बोट ठेवून विचारा: इथे रोज काय टेकतं? खांद्यावर दोन उभे पट्टे दिसत असतील तर सॅक. एकाच खांद्यावर असतील तर किटबॅग. छातीच्या मधोमध असतील तर घट्ट जर्सी किंवा चेस्ट गार्ड. कपाळावर केसांच्या कडेने सरळ रेष असेल तर हेल्मेटची आतली पट्टी, आणि हनुवटीखाली असतील तर तिचा पट्टा.

पॉलिएस्टरची जर्सी घाम बाहेर ओढून लवकर वाळते हे खरं, पण ती सैल असेल आणि वारा लागत असेल तेव्हाच. अंगाला चिकटलेली जर्सी घालून वर सॅक चढवली की पाठीवर ओलं फडकं बांधल्यासारखं होतं. सराव चालू असताना जर्सी चालेल. सराव संपल्यावर ती अंगावर राहता कामा नये.

यासाठी किटबॅगेत कायम तीन गोष्टी ठेवा: एक धुतलेली सैल सुती बनियन, एक छोटा पंचा, आणि ओली जर्सी टाकायला वेगळी पिशवी. सराव संपला की पंचा पाण्यात पिळून पाठ, छाती आणि मान टिपा. रगडू नका, टिपा. मग कोरडी बनियन घाला. अर्ध्या तासात आंघोळ जमली तर उत्तमच. नाही जमली तरी एवढ्याने बराच फरक पडतो. टाल्कम पावडर टाकू नका, घामात तिचा लगदा होतो आणि मुरूम काही कमी होत नाहीत.

सॅक दोन्ही खांद्यांवर घ्या. पट्टे थोडे आखूड करून तिचं वजन पाठीला घट्ट बसू द्या. लोंबणारी सॅक प्रत्येक पावलाला घासते. पट्ट्याला सुती कापडाचं खोळ शिवून घेतलं तर ते आठवड्यातून दोनदा धुता येतं. सॅक कोण दोनदा धुणार!

हेल्मेटचं थोडं जास्त सांगावं लागेल. क्रिकेटचं असो की दुचाकीचं, बहुतेक हेल्मेटचं आतलं अस्तर निघतं. ते आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. सरावानंतर हेल्मेट बॅगेत कोंबू नका, उलटं करून हवेवर ठेवा. आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल घाला आणि तो रोज बदला. एकच रुमाल तीन दिवस वापरणं म्हणजे कालचा घाम पुन्हा कपाळाला बांधणं. टोपीने हेल्मेट सैल किंवा तिरकं बसत असेल तर टोपी काढा, कारण डोक्याचं रक्षण आधी. मुरूम होतात म्हणून हेल्मेट टाळणं किंवा हनुवटीचा पट्टा मोकळा सोडणं चालणार नाही. अकॅडमीचं सामायिक हेल्मेट वापरावं लागत असेल तर स्वतःची टोपी सक्तीची समजा.

केसांना खोबरेल चोपडून वर हेल्मेट घातलं तर तेल घामाबरोबर कपाळावर आणि मानेवर उतरतं. तेल लावायचंच असेल तर ज्या दिवशी खेळ नाही त्या दिवशी लावा आणि दोन तासांनी धुवा.

मानेच्या मागे, केस संपतात तिथे कडक, न पिकणारे दाणे येत असतील तर ते वेगळं दुखणं असू शकतं. मान वस्तऱ्याने किंवा मशीनने अगदी गुळगुळीत केल्यावर कॉलर आणि हेल्मेटच्या घर्षणाने ते वाढतं आणि पुढे तिथे जाड वण होतात. न्हाव्याला मागचे केस थोडे ठेवायला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा.

तिसरी पायरी: बेन्झॉइल पेरॉक्साइडने धुणं

पाठीसाठी पहिलं औषध म्हणून आम्ही क्रीमपेक्षा धुवायचं औषध निवडतो. त्यामागे साधा हिशोब आहे. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली औषधाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. पाठीच्या वरच्या भागाला अशा तीन रेघा आणि छातीला दोन धरल्या, तर एका वेळेला अडीच ग्रॅम झाले. १५ ग्रॅमची ट्यूब सहा दिवसांत संपते. मग मुलं ठिपक्याएवढं औषध सगळ्या पाठीला पुरवतात आणि औषध लागू पडत नाही म्हणून सोडून देतात.

बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं आणि छिद्रंही थोडी मोकळी करतं. जंतू त्याला सरावत नाहीत, ही त्याची मोठी जमेची बाजू. ४ किंवा ५ टक्क्यांचं फेसवॉशसारखं मिळतं ते घ्या. आधी दंडाच्या आतल्या बाजूला सुपारीएवढ्या जागेवर तीन दिवस लावून धुऊन बघा. सूज, पाणीभरले फोड किंवा जोराची खाज आली तर हे औषध तुमच्यासाठी नाही.

आंघोळीचा क्रम असा ठेवा. आधी डोकं धुऊन घ्या, म्हणजे शाम्पू आणि कंडिशनर नंतर पाठीवर ओघळणार नाही. मग साधारण चहाचा एक चमचा औषध तळहातावर घेऊन ओल्या पाठीवर आणि छातीवर पसरवा. वरून खांद्यावरून आणि खालून कमरेकडून हात नेला तरी मधली वीतभर जागा राहतेच. तिथे घरातल्या कुणाची मदत घ्या, नाहीतर लांब दांड्याच्या मऊ ब्रशला पातळ सुती कापड गुंडाळा. आता पाच मिनिटं थांबा. लावून लगेच पाण्याने धुतलं तर काम होत नाही, आणि बहुतेकांचं अपयश इथेच असतं. तेवढ्यात दात घासा, पाय धुवा. मग कोमट पाण्याने भरपूर धुवा, कढत पाणी नको.

हे औषध रंगीत कापडाचा रंग उडवतं. संघाच्या निळ्या जर्सीवर नारिंगी डाग पडले की घरात वाद होतो आणि औषध बंद होतं. म्हणून ते रात्रीच्या आंघोळीत वापरा, अंग पांढऱ्या पंचाने पुसा आणि पांढरी बनियन घालून झोपा. चादरही पांढरी असली तर बरं.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग रोज. कातडी कोरडी पडून कोंडा सुटला तर दोन दिवस थांबा, बिनवासाचं, छिद्रं न बुजवणारं मॉइश्चरायझर लावा आणि पुन्हा एक दिवसाआड सुरू करा. थोडी चुरचुर चालते. रात्रभर आग होणं चालत नाही.

चौथी पायरी: त्यावर काय जोडायचं

चार ते सहा आठवड्यांत नवीन पुळ्या कमी होऊ लागल्या नाहीत, किंवा काळी टोकं खूप असतील, तर डॉक्टर अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के जेल जोडतात. ते छिद्राचं तोंड बंद होऊ देत नाही. पूर्ण कोरड्या कातडीवर, आंघोळीनंतर वीस मिनिटांनी, पातळ थर, एक रात्र आड. ते एकेका पुळीवर लावायचं नसतं. पुळ्या येतात त्या सगळ्या भागावर लावायचं. पहिल्या महिन्यात थोडी लाली आणि सालं निघणं अपेक्षित आहे.

क्लिंडामायसिनचं जेल एकटं वापरू नका. जंतू लवकर त्याला दाद देईनासे होतात. ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच.

लाल, दुखऱ्या गाठी बऱ्याच असतील तर डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते, तीही सहसा तीन महिन्यांपर्यंतच, आणि वरचं धुणं चालू ठेवून. ही गोळी जेवणानंतर भरलेल्या ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री घोटभर पाण्यात गिळून झोपलं तर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. छातीत गिळताना दुखायला लागलं तर हेच झालं असं समजा आणि डॉक्टरांना सांगा. ती दुधाबरोबर घेऊ नका. उन्हात खेळणाऱ्यांची कातडी या गोळीने लवकर भाजते, म्हणून सरावाची वेळ शक्यतो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवा.

एक उदाहरण, आठवड्यांच्या हिशोबाने

समजा, अकरावीतला १६ वर्षांचा मुलगा आहे, वजन ६० किलो. सकाळी साडेसहा ते नऊ क्रिकेटचा सराव, तिथून तीच जर्सी घालून, वर सॅक आणि डाव्या खांद्यावर किटबॅग घेऊन क्लासला. घरी परत दीड वाजता. डाव्या खांद्यावर उजव्यापेक्षा दुप्पट पुळ्या, छातीवर दहा-बारा, कपाळावर हेल्मेटच्या रेषेत काळी टोकं. म्हणजे ओलं कापड रोज सात तास अंगावर आहे, आणि त्यातले साडेचार तास खेळ नाहीच.

पहिल्या आठवड्यात औषधापेक्षा हे साडेचार तास काढायचे: मैदानावरच बनियन बदलायची, किटबॅग चाकांची घ्यायची किंवा अकॅडमीत ठेवायची. त्याच आठवड्यात रात्रीचं धुणं एक दिवसाआड सुरू. तिसऱ्या आठवड्यापासून रोज. या टप्प्यावर पाठ जवळपास तशीच दिसेल, कारण आज वर आलेली पुळी काही आठवड्यांपूर्वीच आत तयार झालेली असते. सहाव्या आठवड्यात फोटोत मोजायचं ते एकूण डाग नव्हे, तर गेल्या दोन आठवड्यांतल्या नव्या पुळ्या. आठव्या आठवड्यात डावा खांदा उजव्यासारखा झाला असेल तर घर्षणाचं निदान बरोबर होतं. बाराव्या आठवड्यात निर्णय: नव्या पुळ्या निम्म्याहून कमी झाल्या असतील तर तेच चालू ठेवायचं, नसतील तर पुढचा उपचार.

फोटो दर १४ दिवसांनी, त्याच खिडकीत, त्याच वेळी. मागे राहिलेले सपाट तपकिरी डाग म्हणजे मुरूम नव्हेत. ते जायला काही महिने, कधी वर्षही लागतं, आणि घासल्याने अजून गडद होतात.

घरी थांबू नये ते

खोल, एकमेकींना जोडलेल्या गाठी, फुटून वाहणारे फोड, किंवा छातीवर आणि खांद्यावर जुन्या पुळीच्या जागी वाढत जाणारा कडक, चकचकीत, खाजणारा उंचवटा दिसला तर बारा आठवडे वाट पाहू नका. तो उंचवटा कीलॉइड असतो. लहान असताना त्यात इंजेक्शन देऊन तो बसवता येतो. मोठा झाल्यावर कठीण जातं आणि नुसता कापला तर बहुधा पुन्हा येतो.

खोल, जोडलेल्या गाठी असलेल्या मुलांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे गोळ्यांचं औषध आहे. ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, मित्राच्या उरलेल्या पाकिटातून नाही. नेहमीचा हिशोब किलोमागे एकूण १२० ते १५० मिलिग्रॅमचा असतो. वरच्या ६० किलोच्या मुलाला किलोमागे १२० धरून एकूण ७२०० मिलिग्रॅम होतात. रोज ३० मिलिग्रॅम दिलं तर २४० दिवस, म्हणजे आठ महिने. सुरू करण्याआधी आणि मधेही रक्तातली चरबी आणि यकृत तपासतात. ओठ फुटणं जवळपास सगळ्यांना होतं. जोरदार व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू आणि कंबर दुखू शकते, म्हणून प्रशिक्षकाला कल्पना द्या. मन खूप उदास वाटलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. या काळात अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या नकोत, डॉक्सीसायक्लिन नको (ती आणि आयसोट्रेटिनॉइन मिळून डोक्यातला दाब वाढू शकतो), आणि रक्तदानही नको. शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्तदान टाळायचं.

आणि एक तातडीची स्थिती, फार क्वचित होते, पण होते ती मुख्यतः याच वयाच्या मुलांत. छाती-पाठीवरच्या गाठी काही दिवसांत फुटून खपल्या आणि व्रण होतात, सोबत ताप येतो, सांधे दुखतात, मुलगा लंगडायला लागतो. कधी हे आयसोट्रेटिनॉइन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होतं, म्हणूनच मोठ्या गाठी असलेल्या मुलांत डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करतात. असं दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा मोठ्या दवाखान्यात न्या, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं बरोबर घ्या.